चुकून चहा घेतला, आता काय?

क्लिनिकच्या वेबसाइटवर 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असं एक पान होतं. त्यात 31 प्रश्न होते आणि पहिलाच होता, 'आमचे क्लिनिक इतरांपेक्षा वेगळे कसे आहे?' हा प्रश्न आजवर एकाही पेशंटने विचारलेला नाही, असं रिसेप्शनवरच्या ताईंनी मला नंतर शपथेवर सांगितलं. पण तेव्हा मी त्यांना विचारलंच नव्हतं. मला काम पॅथॉलॉजीच्या डॉक्टर मॅडमनी दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की सकाळी फोन वाजायचा थांबत नाही, पानावर सगळं लिहिलंय तरी कुणी वाचत नाही, तेव्हा तेवढं पान सुटसुटीत करून द्या.

मी मजकूर लिहिते, संपादन करते. सुटसुटीत म्हटल्यावर कात्री घेतली. दोन संध्याकाळी बसून 31 उत्तरं निम्म्यावर आणली. 'आवश्यकतेनुसार', 'याची कृपया नोंद घ्यावी' वगैरे सगळं उडवलं. पान सुंदर दिसायला लागलं, मॅडम खूश झाल्या आणि फोन होते तितकेच राहिले.

पंधरा दिवसांनी पैसे आणायला गेले तेव्हा ताई म्हणाल्या, "उत्तरं छोटी केलीत ते बरं झालं हो, पण हे प्रश्न विचारतंय कोण?"

खरं काम तिथून सुरू झालं.

ताईंना मी एक वही दिली आणि सांगितलं, की फोनवर किंवा काउंटरवर जो प्रश्न येईल तो लिहून ठेवा. दोन दिवसांनी वही उघडली तर आत होतं: रिपोर्टबद्दल, फास्टिंग, वेळ, रिपोर्टबद्दल, डॉक्टर, फास्टिंग. आणि पुढे उभ्या रेघा. ताईंची चूक नव्हती. समोर रांग असताना कुणीही विषयच लिहील. पण मला हवे होते ते शब्द. 'फास्टिंग' या एका शब्दाखाली पाच निरनिराळी माणसं अडकलेली असतात, आणि कोण कशात अडकलंय हे त्या रेघेवरून कळत नाही.

म्हणून मग मीच सहा दिवस सकाळी दोन-अडीच तास काउंटरच्या मागे स्टुलावर बसले. नियम एकच ठेवला: वाक्य तोंडातून येईल तसं उतरवायचं. व्याकरण सुधारायचं नाही, नाव किंवा आजार लिहायचा नाही, आणि 'म्हणजे त्यांना असं विचारायचं होतं' हे समासातसुद्धा लिहायचं नाही, ते नंतर. क्लिनिकच्या फोनवर आलेले मेसेज ताईंनी वाचून दाखवले, तेही तसेच घेतले. वेबसाइटवर शोधायची एक चौकट होती. तिच्यात लोकांनी काय टाइप केलंय ते बनवणाऱ्या मुलाने काढून दिलं. त्यातलं निम्मंअधिक रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी होतं आणि त्यातल्या बहुतेक शोधांना शून्य उत्तरं मिळाली होती. आमच्या पानावर 'नमुना संकलन' होतं, लोक 'रक्त द्यायला' शोधत होते. आमच्याकडे 'अहवाल' होता. अख्ख्या सहा दिवसांत अहवाल हा शब्द एकाच गृहस्थांनी वापरला, आणि तोही जरा वैतागून.

187 नोंदी झाल्या. 61 रिपोर्टच्या, 48 उपाशी राहण्याच्या, 30 वेळेच्या आणि डॉक्टर आहेत का याच्या. बाकीच्या किरकोळ.

यातल्या 48 मध्ये मी सगळ्यात जास्त रमले, म्हणून त्यांचंच सविस्तर सांगते.

जुन्या पानावर या सगळ्यांसाठी एकच प्रश्न होता: 'चाचणीपूर्वी कोणती पूर्वतयारी आवश्यक आहे?' खाली मोठा परिच्छेद. माझ्या कात्रीनंतर तो असा उरला होता: 'काही चाचण्यांसाठी 8 ते 12 तास उपाशी राहणे आवश्यक असते. या काळात साधे पाणी पिता येते. औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सर्व चाचण्यांना उपाशी राहण्याची गरज नसते.' चार वाक्यं, चारही खरी. मला त्या चार वाक्यांचा अभिमान होता.

आणि वहीत होतं:

'सकाळी उठल्या उठल्या पाणी पितो मी, ते चालेल ना?'

'थायरॉइडला पण उपाशी लागतं का?'

'साखरेची गोळी घेऊन येऊ का तशीच येऊ?'

'रात्री लग्नाहून उशिरा आलो, साडेअकराला जेवलो, आता सकाळी किती वाजता येऊ?'

'ताई, विसरले हो, अर्धा कप चहा घेतला. आता काय?'

ही पाचही माणसं माझ्या चार वाक्यांपाशी आली असती तर काय झालं असतं, हे मी एकेक करून पाहिलं. पाणीवाल्याला दुसऱ्या वाक्यात उत्तर मिळालं असतं, पण आधी पहिलं ओलांडून. थायरॉइडवालीला 'काही चाचण्या' वाचून काहीच कळलं नसतं, कारण तिला विचारायचं तेच होतं की माझी त्या 'काहीं'मध्ये आहे का. साडेअकरावाल्याला गणित स्वतः करावं लागलं असतं. गोळीवालीला 'सल्ला घ्यावा' म्हणजे पुन्हा फोनच. आणि चहावालीसाठी अख्ख्या पानावर एक शब्द नव्हता. वहीत मात्र ती सहा वेळा होती, सहा वेगवेगळ्या तोंडांनी. जुन्या पानाची समजूत अशी होती की नियम सांगितला की माणूस तो पाळतो. फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण नियम मोडून झाल्यावर फोन करत होते.

तेव्हा लक्षात आलं, की उत्तर लांब होतं ते शब्द जास्त असल्यामुळे नव्हे, एका प्रश्नात पाच प्रश्न कोंबल्यामुळे. मी उत्तर कापत बसले होते, कापायला हवा होता प्रश्न. प्रश्न फोडला की उत्तर आपोआप दीड-दोन ओळींचं होतं, कारण मग त्याला फक्त एका माणसाशी बोलायचं असतं.

पाण्याचं सोपं होतं. 'पाणी प्यायलं तर चालेल का?' 'हो. साधं पाणी चालतं, हवं तेवढं प्या. चहा, कॉफी, दूध, सरबत चालत नाही.' झालं. मॅडमना दाखवलं, त्यांनी मान हलवली.

इथे मराठीची एक गंमत आडवी आली. वहीतली वाक्यं जशीच्या तशी पानावर ठेवावीत असं मला वाटत होतं, पण 'मी विसरलो' लिहिलं की बायका बाहेर, 'मी विसरले' लिहिलं की पुरुष बाहेर, आणि 'विसरलो/विसरले' लिहिलं की सरकारी फॉर्म. बराच वेळ डोकं खाजवल्यावर सुचलं की 'घेतला' हे क्रियापद चहाप्रमाणे बदलतं, पिणाऱ्याप्रमाणे नाही. 'चुकून चहा घेतला, आता काय?' यात बाई आहे की बुवा, पत्ता लागत नाही. 'रात्री उशिरा जेवण झालं, सकाळी किती वाजता यायचं?' हेही तसंच. मग सगळे प्रश्न त्या साच्यात बसवले. वहीतल्या शब्दांना तेवढाच हात लावला.

दुसरी गोष्ट 'हो' आणि 'नाही'ची. उत्तराचा पहिला शब्द शक्यतो हो किंवा नाही असावा, असं मी ठरवलं होतं, कारण घाईतला माणूस तेवढाच वाचतो. पण लोक पुष्कळदा नकारार्थी विचारतात. 'गोळी घ्यायची नाही ना?' याला 'हो' म्हटलं तर काय समजायचं? हो, घ्यायची? की हो, बरोबर, नाही घ्यायची? समोरासमोर हेल काढून कळतं, कागदावर नाही. औषधाच्या बाबतीत हा घोळ परवडणारा नव्हता. तेव्हा शब्द लोकांचेच ठेवायचे पण प्रश्न होकारार्थी करायचा, ही एक ढवळाढवळ मी जाणूनबुजून केली.

थायरॉइडच्या उत्तरावर मॅडमशी पहिली खडाजंगी झाली. मी लिहिलं होतं: 'थायरॉइडला उपाशी यावं लागतं का?' 'नाही. खाऊन आलात तरी चालेल.' मॅडम म्हणाल्या, "इतकं सोपं नाहीये ते. केसांसाठी, नखांसाठी लोक बायोटिनच्या गोळ्या घेतात. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. निदान दोन दिवस आधी बंद करायला सांगायला हवं. ते घाला."

मी घातलं. उत्तर चार ओळींचं झालं. मग म्हटलं, स्वतंत्र प्रश्न करू: 'केसांसाठी गोळ्या चालू आहेत, सांगायला हव्यात का?' दिसायला छान. पण वहीत असा प्रश्न एकानेही विचारलेला नव्हता, आणि विचारणारही नाही. ज्याला बायोटिनने फरक पडतो हे ठाऊकच नाही तो त्याबद्दल विचारेल कसा? आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला येईल कसा?

यावर आम्ही चांगला अर्धा तास बोललो. मॅडमचं बरोबर होतं, ती माहिती पोचायलाच हवी. माझंही बरोबर होतं, या पानावर ती पोचणार नाही. शेवटी ती पानावरून काढली आणि अपॉइंटमेंट घेतल्यावर जो मेसेज जातो त्यात घातली: 'थायरॉइडची चाचणी असेल आणि केस-नखांसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील, तर चाचणीच्या दोन दिवस आधी आम्हाला कळवा.' तो मेसेज प्रत्येकाला जातो, विचारो अथवा न विचारो. पुढे हा मार्ग आम्हाला बराच कामी आला. जुन्या 31 प्रश्नांमधले सात-आठ असे निघाले, जे लोकांनी विचारावेत असं क्लिनिकला वाटत होतं. त्यातले काही मेसेजमध्ये गेले, काही भिंतीवरच्या सूचनेत, आणि 'इतरांपेक्षा वेगळे कसे' हा कुठेच गेला नाही.

साखरेच्या गोळीचा प्रश्न मात्र फुटेना. गोळी कुठली, इन्सुलिन आहे का, चाचणी कुठली, सगळ्यावर उत्तर बदलतं. 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' हे वाक्य मला पानावर नको होतं, कारण कुठल्या डॉक्टरांचा, कधी, कसा, यातलं ते काहीच सांगत नाही. पण 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं छापणं धोक्याचं होतं. उपाशीपोटी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि खाणं लांबलं, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस काउंटरसमोरच कोसळू शकतो. उलट, मनाने औषध बंद केलं तर त्याचेही वांधे. मॅडमनी आणि मी मिळून जे लिहिलं ते असं:

'साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन यायचं का?' 'हे प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून इथे लिहिलेलं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन करा आणि गोळीचं पाकीट हातात घेऊन बोला. फोन झाला नसेल तर औषध सोबत घेऊन या आणि रक्त देण्याआधी काउंटरवर सांगा.'

हे पानावरचं सगळ्यात लांब उत्तर आहे आणि ते लांबच राहू दे असं आम्ही ठरवलं. 'पाकीट हातात घेऊन' ही ताईंची भर. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे निम्मा वेळ 'ती पांढरी, बारकी' यातच जातो.

आणि साडेअकराला जेवलेला माणूस. त्याच्यासाठी मी आधी लिहिलं होतं, 'जेवणानंतर 8 ते 12 तास उपाशी राहा.' पान चढवण्याआधी वेटिंगमधल्या पाच जणांना मी माझ्या मोबाइलवर ते दाखवलं. प्रत्येकाला एक प्रसंग सांगायचा आणि उत्तर शोधून मोठ्याने सांगायला लावायचं, मधे आपण बोलायचं नाही. एक आजी होत्या. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "रात्री आठ ते बारा काही खायचं नाही. मग मी नेहमी तेच करते की." मी गार. 'तास' हा शब्द त्यांच्या नजरेतून निसटला होता, आणि 8 ते 12 म्हटल्यावर घड्याळच डोळ्यांसमोर येणार. त्यानंतर मी पानावरून ते काढून टाकलं. आता तिथे आहे: 'रात्री 9 वाजता जेवण झालं असेल तर सकाळी 7 वाजता रक्त देता येईल. त्यापेक्षा उशिरा जेवलात तर तितकंच उशिरा या.' साडेअकरावाला स्वतःच साडेनऊ काढतो. दहा तासांचं अंतर यासाठी, की उपाशीपोटीच्या साखरेला निदान आठ तास लागतात, काही डॉक्टर चरबीच्या तपासणीला थोडे जास्त सांगतात, आणि दहा तासांत आमच्याकडची दोन्ही कामं होतात असं मॅडमनी ठरवून दिलं. पानावर हे कारण नाही. कुणी विचारलं तर ताई सांगतात.

चहाचं उत्तर लिहायला पाच मिनिटं लागली: 'चुकून चहा घेतला, आता काय?' 'आज उपाशीपोटीची चाचणी करू नका, उद्या सकाळी या. आल्यावर लपवू नका, आकडा चुकीचा येतो. उपाशी न लागणाऱ्या चाचण्या आजच होतील.' 'लपवू नका' हे मॅडमना जरा उद्धट वाटलं. ताई म्हणाल्या, लपवतातच, राहू द्या.

जेवणानंतरच्या साखरेचा एक प्रश्न तर मला मुळीच सुचला नसता. जुन्या पानावर होतं, 'जेवणानंतर 2 तासांनी'. वहीत चार जणांनी विचारलं होतं, की दोन तास कधीपासून, जेवायला बसल्यापासून का उठल्यापासून? मला वाटलं, उठल्यापासून. ताईंनाही तसंच वाटत होतं, आणि त्या बहुधा तसंच सांगतही आल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "नाही, पहिल्या घासापासून." साधी गोष्ट, पण जेवायला अर्धा-पाऊण तास लावणाऱ्या माणसाचा आकडा त्याने बदलतो. आता पानावर आहे, 'पहिला घास घेतल्यापासून 2 तास. घड्याळ बघून ठेवा.'

रिपोर्टच्या 61 नोंदींत मी तोंडघशी पडले. तिथे बहुतेक वाक्यं एकसारखी होती: 'रिपोर्ट कधी मिळेल?' म्हटलं, हे तर एकच उत्तर. लिहिलं, 'सकाळी रक्त दिलंत तर त्याच दिवशी संध्याकाळी.' जुन्या उत्तरात कल्चरला जास्त दिवस लागतात असं एक वाक्य होतं, ते मी छोटं करण्याच्या नादात उडवलं. आठवड्याभरात एक बाई मुलाच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट न्यायला संध्याकाळी आल्या, लांबून, मुलाला घेऊन. कल्चरमध्ये जंतू वाढायलाच वेळ द्यावा लागतो, दोन-तीन दिवस जातात. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि पानावरचं माझं वाक्य दाखवलं. ताईंनी माफी मागितली. मागायला हवी होती मी.

त्या दिवसापासून अपवाद काढताना मी दोन गोष्टी स्वतःला विचारते. हा अपवाद आपल्याला लागू आहे हे वाचणाऱ्याला आपलं आपण कळेल का? आणि नाही कळलं तर त्याची फेरी फुकट जाईल का, किंवा त्याला इजा होईल का? कल्चरवाल्या बाईंना कळायला काही मार्ग नव्हता आणि फेरी फुकट गेली. म्हणजे ते वाक्य राहायलाच हवं होतं, उत्तर एका ओळीने वाढलं तरी. आता आहे: 'सकाळी रक्त दिलंत तर बहुतेक रिपोर्ट त्याच संध्याकाळी मिळतात. पावतीवर "कल्चर" लिहिलं असेल तर 2 ते 3 दिवस लागतात.' 'पावतीवर लिहिलं असेल तर' हे महत्त्वाचं, कारण कल्चर म्हणजे काय हे कुणाला ठाऊक असायची गरज नाही, अक्षरं जुळवता आली की पुरे.

मग त्या 61 नोंदी पुन्हा वाचल्या. आता दिसलं की 'रिपोर्ट कधी मिळेल' विचारणारे दोन प्रकारचे होते. काही रक्त देताना विचारत होते. बरेचसे मात्र संध्याकाळी सातनंतर मेसेज करून विचारत होते, म्हणजे सांगितलेली वेळ उलटून गेल्यावर. शब्द तेच, प्रश्न वेगळा: माझा कुठे अडकला? नशिबाने मी प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिली होती, नाहीतर हे कधीच कळलं नसतं. दुसऱ्या गटासाठी 'रिपोर्ट अजून आला नाही' असा वेगळा प्रश्न केला, नंबर आणि पावती क्रमांक हाताशी ठेवा एवढं सांगितलं.

'डॉक्टर आहेत का?' हाही असाच फसवा. ताईंनी सवयीने 'आहेत' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'गर्दी आहे का?' त्यांना डॉक्टरांचा ठावठिकाणा नको होता, किती वेळ बसावं लागेल ते हवं होतं. याचं उत्तर पानावर लिहिता येत नाही, दर तासाला बदलतं. तिथे गर्दी कमी असण्याची वेळ तेवढी लिहिली आणि पुढे सरकलो.

वेबसाइट बनवणाऱ्या मुलाची एक हरकत होती. 31 चे 19 प्रश्न झाले तर गूगलवर आपण खाली जाऊ, प्रश्नोत्तरं शोधाच्या पानावरच उलगडून दिसतात ती दिसणार नाहीत, असं तो म्हणाला. पण गूगलने ऑगस्ट 2023 मध्येच जाहीर केलं होतं, की तशी प्रश्नोत्तरं आता फक्त नावाजलेल्या, अधिकृत सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सचीच दाखवली जातील. आमचं छोटं क्लिनिक त्यात बसण्याची आशा नव्हती. त्याला ते दाखवल्यावर तो गप्प झाला, आणि मग त्यानेच एक उपयोगाची गोष्ट सांगितली: जुन्या पानावर उत्तरं प्रश्नाखाली घडी घालून ठेवलेली होती, ती `display: none` ने लपवली होती, त्यामुळे `Ctrl+F` मारून शोधलं तरी ती सापडत नव्हती. आता उपाशीपोटीचे प्रश्न उघडेच ठेवलेत. दोन ओळींच्या उत्तराला घडी कशाला?

प्रत्येक उत्तर मॅडमनी वाचून कधी मान्य केलं त्याची तारीख आम्ही एका तक्त्यात ठेवतो. क्लिनिक उघडण्या-बंद होण्याच्या वेळा आणि फोन नंबर मात्र उत्तरांमध्ये लिहिलेच नाहीत, ते पानाच्या डोक्यावर एकदाच आहेत. जुन्या पानावर एकच वेळ तीन ठिकाणी होती आणि तिन्ही वेगळ्या होत्या.

दोन महिन्यांनी मी पुन्हा सहा दिवस स्टुलावर बसले. उपाशी राहण्याच्या नोंदी 48 वरून 29 वर आल्या होत्या. रिपोर्टच्या 61 च्या 57, म्हणजे जैसे थे. ज्याचा रिपोर्ट अडकलाय तो पान वाचत नाही, फोनच करतो, आणि त्याने तेच करावं. मॅडमना मी तो आकडा दाखवला आणि म्हटलं, हे काम माझ्याकडचं नाही, लॅबमधलं आहे. त्या थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "संध्याकाळी सहाची मशीन उशिरा लागते हल्ली." ते त्यांनी पुढे काय केलं मला माहीत नाही.

वही ताईंनी चालूच ठेवली आहे. आता त्या विषय नाही, वाक्य लिहितात. परवा त्यांनी फोटो पाठवला, ताजी नोंद: 'दात घासले तर चालतील का, पेस्ट गिळली नाही.' खाली त्यांनी स्वतःच उत्तर लिहून ठेवलं होतं, 'हो. घासून या.' मॅडमची सही व्हायची आहे.